कार्डावरच्या रिकाम्या चौकटी

*मॅडम, मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंटसाठी मला गोवंडीतल्या एका हेल्थ पोस्टमधला टीबीचा पेशंट दिला आहे. वय ३८, वॉचमन, वजन ४६ किलो, फुप्फुसाचा टीबी, औषधं लागू पडणारा. रोज ३ गोळ्या, आरोग्य स्वयंसेविकेसमोर. रविवारी केंद्र बंद, म्हणून त्या दिवशीच्या गोळ्या शनिवारी हातात देतात. पहिले दोन आठवडे ते घरीच होते. आता १२ तासांची ड्यूटी आहे, सकाळी ८ ते रात्री ८, पुढच्या आठवड्यात उलट. बिल्डिंग केंद्राच्या जवळच आहे. केंद्र ९ ते ४ उघडं असतं. ४२ दिवसांत ७ डोस चुकले. विचारलं की म्हणतात, "विसरलो सिस्टर." मी फ्लिपचार्ट दाखवून सगळं समजावलं, ते मान हलवतात आणि परत चुकवतात. मी नर्सिंग निदान "ज्ञानाचा अभाव" असं लिहिलं होतं, ट्यूटरनी त्याखाली लाल रेघ मारली. तीन आठवड्यांनी, ६५व्या दिवशी, ते गणपतीला दहा दिवस गावी जाणार आहेत. समुपदेशन नक्की कसं करायचं आणि कसं लिहायचं? कार्डाची प्रत सोबत पाठवते.*

*— एक विद्यार्थिनी, गोवंडी*

आधी एक तक्रार. तू पाठवलेल्या प्रतीवर पेशंटचं नाव आणि निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला त्याचा क्रमांक, स्पष्ट वाचता येतात. आम्ही ते खोडले आहेत. असाइनमेंटला कार्ड जोडशील तेव्हा हे दोन्ही झाकूनच झेरॉक्स काढ.

आता कार्डाकडे ये. पेशंटशी बोलण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं कार्ड वाचायचं, आणि किती चुकले हे बघण्याऐवजी कधी चुकले हे बघायचं. तुझ्या पेशंटच्या रिकाम्या चौकटी २३, २५, २६ आणि नंतर ३६, ३८, ३९, ४१ या दिवसांच्या आहेत. पहिले तीन आठवडे भरलेले. चौथ्यात तीन रिकाम्या, पाचवा पुन्हा पूर्ण, सहाव्यात चार. आता शेजारी पाळ्या लिही. तिसरा आठवडा दिवसपाळी, चौथा रातपाळी, पाचवा दिवसपाळी, सहावा रातपाळी. दिवसपाळीत एकही डोस चुकलेला नाही. विसरभोळा माणूस दोन्ही पाळ्यांत विसरला असता.

कारण घड्याळातच आहे. रातपाळी सकाळी ८ ला सुटते आणि केंद्र ९ ला उघडतं. रात्रभर जागलेल्या माणसाने उपाशीपोटी तासभर बाकावर बसून राहायचं किंवा घरी जाऊन झोपायचं. एकदा झोपला की तीनला उठणार, आवरून निघेपर्यंत चार वाजणार, केंद्र बंद. दिवसपाळीत तो चहाच्या सुट्टीत पाच मिनिटांत येऊन जातो, म्हणून तेव्हा काही अडत नाही. तू त्याला जंतू, फुप्फुस आणि औषधाचं रेझिस्टन्स समजावलंस. त्याची अडचण आठ आणि नऊ यांच्यामधल्या एका तासाची आहे. ट्यूटरची लाल रेघ बहुधा याचसाठी असावी.

कार्डात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली. ४१वा दिवस शनिवार, चौकट रिकामी, म्हणजे तो केंद्रावर आलाच नाही. रविवारच्या गोळ्या शनिवारी हातात देतात. मग ४२व्या दिवशी, रविवारी, बरोबरची खूण कशी आली? त्याने गोळ्या आणल्या कुठून? बहुतेक ती खूण सोमवारी सवयीने मारली गेली असेल. हे तपासायला कुणाची झडती घ्यावी लागत नाही. त्याच्या नावाने ठेवलेल्या पट्ट्या मोज. एका पट्टीत २८ गोळ्या असतात. सहा महिन्यांच्या उपचारातल्या सुरुवातीच्या टप्प्याचे ५६ डोस, रोज ३ गोळ्या, म्हणजे १६८ गोळ्या, बरोबर ६ पट्ट्या. ४२व्या दिवसापर्यंत ३५ डोस गेले असतील तर १०५ गोळ्या संपून ६३ उरायला हव्यात. ३४ गेले असतील तर ६६ उरतील. ६६ निघाल्या तर चुकलेले डोस ७ नाहीत, ८ आहेत.

हा एक डोस क्षुल्लक वाटेल, पण हिशेब त्यामुळे सरकतो. सुरुवातीचा टप्पा दोन महिन्यांचा म्हणतात, तरी तो डोसवर मोजतात. ५६ डोस पोटात गेल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. ३४ झाले असतील तर २२ उरले. ४३व्या दिवसापासून एकही न चुकवता घेतले तर शेवटचा डोस ६४व्या दिवशी येतो आणि ६५व्या दिवशी तो गावी निघतो. समुपदेशनात धरून चालण्यासारखं हे सगळ्यात उपयोगी वाक्य आहे: "गाडीत बसण्याआधी पहिला टप्पा संपवू." सहा महिन्यांचा आकडा पेशंटला भिंतीसारखा वाटतो. बावीस डोस आणि त्यानंतर गाव, हे त्याला मोजता येतं.

स्वयंसेविकेला चुकीच्या खुणेबद्दल सगळ्यांसमोर विचारू नकोस. तिच्याकडे असे अनेक पेशंट असतात आणि तू तिच्या केंद्रावर पाहुणी आहेस. "ताई, रविवारच्या गोळ्या शनिवारी दिल्या होत्या का, माझ्या हिशेबात घोळ झालाय," एवढंच म्हण. काम होतं.

आता बोलणं. ते कुठे होतं यावर पुष्कळ अवलंबून आहे. गोळ्यांच्या रांगेत, मागे चार जण उभे असताना "का नाही घेतल्या?" असं विचारलंस तर "विसरलो" हेच उत्तर मिळणार, कारण त्या जागी सगळ्यात कमी त्रासाचं उत्तर तेच आहे. ते ऐकून नर्स फार तर रागावते आणि पुढे काही विचारत नाही. मेडिकल ऑफिसरांच्या परवानगीने लसीकरणाची खोली किंवा जिन्याखालचा कोपरा बघ. खिडकी उघडी असू दे. दिवसपाळीच्या आठवड्यात त्याच्या चहाच्या वेळी वीस मिनिटं माग. रातपाळीहून आलेल्या माणसाला समुपदेशनाला बसवणं म्हणजे त्या बिचाऱ्याची झोप मोडणं.

पहिला प्रश्न त्रासाचा विचार. चुकलेल्या डोसाचा विषय नंतर. याचं कारण सुरक्षिततेचं आहे. गोळ्यांमुळे यकृताला इजा होत असेल आणि तू त्याला "रोज घ्या" म्हणून पटवत बसलीस, तर तुझ्या समुपदेशनाने त्याचं नुकसान होईल. मळमळ होते का, उलटी किती वेळा झाली, जेवण जातं का, लघवीचा रंग कसा आहे, डोळ्यांना धूसर दिसतं का किंवा लाल-हिरवा रंग ओळखायला त्रास होतो का, हातापायांना मुंग्या येतात का, सांधे दुखतात का, हे साध्या शब्दांत विचार. लघवीच्या रंगावर नेहमी गोंधळ होतो. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, गोळी घेतल्यानंतर काही तासांतच, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर चाळीच्या सार्वजनिक संडासात माणूस घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. यकृत बिघडल्यावर मात्र लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, जेवणावरची वासना उडते, उलट्या थांबत नाहीत. त्याला उजेडात उभं करून डोळ्याचा पांढरा भाग बघ. पिवळा दिसला तर त्या दिवशीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत आणि त्याला तडक मेडिकल ऑफिसरांकडे न्यायचं. दृष्टीत फरक जाणवत असेल तरी त्याच दिवशी त्यांना दाखवायचं. मुंग्या आणि सांधेदुखीला सहसा उपाय असतो, त्यापायी गोळ्या सोडाव्या लागत नाहीत, पण त्यांची नोंद करून कळवायचं.

समजा तो म्हणाला की रातपाळीनंतर गोळी घेतली की मळमळतं, एकदा उलटीही झाली. हे अगदी शक्य आहे. रात्रभर जागरण, पोटात फक्त दोन कप चहा आणि त्यावर तीन मोठ्या गोळ्या. रिकाम्या पोटी औषध जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणून जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायला सांगतात. पण तेवढ्यासाठी माणूस गोळीच टाळू लागला तर नियम पाळून काय मिळवलं? मळमळ होत असेल तर थोडं हलकं खाऊन घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. गोळीबरोबर अॅसिडिटीचं औषध मात्र स्वतःहून घेऊ नका, हे त्याला सांग. त्यातली काही औषधं आयसोनियाझिड शोषू देत नाहीत, आणि मुंबईत मेडिकलवर ती मागितली की मिळतात. उलटी झालीच तर किती वाजता गोळी घेतली आणि किती वाजता उलटी झाली हे लक्षात ठेवून केंद्रात सांगायचं. डोस पुन्हा द्यायचा का ते मेडिकल ऑफिसर ठरवतील, तू किंवा स्वयंसेविका नाही.

एवढं झालं की कार्ड दोघांच्या मध्ये ठेव आणि विचार: "दादा, दिवसपाळीत तुमचा एकही डोस चुकलेला नाही. रातपाळीत कसं जमतं?" या वाक्यात काय आहे ते नीट बघ. जे जमलं ते आधी आलं आणि प्रश्न माणसाऐवजी पाळीला विचारला गेला. मग गप्प बस. विद्यार्थिनींना ही शांतता सोसत नाही. दोन सेकंदांत त्या "झोप येते का, कंटाळा येतो का" असे पर्याय पुरवतात आणि पेशंट त्यातला सोपा उचलतो. दहा सेकंद थांब. आठ ते नऊची गोष्ट त्याच्या तोंडून येऊ दे. तुला ती आधीच माहीत असली तरी त्याने सांगितली की ती त्याची होते, आणि उत्तर शोधायलाही तो तुझ्याबरोबर बसतो.

उत्तर कसं निघू शकतं ते पाहू. डोस सकाळीच घ्यावा असा काही नियम नाही. रोज साधारण एकाच वेळी, तिन्ही गोळ्या एकदम, हे महत्त्वाचं. एक आता, दोन नंतर, असं केलं की औषधाची रक्तातली पातळी हवी तेवढी चढत नाही. मग दोन्ही पाळ्यांत सारखी राहणारी वेळ शोध. त्याच्या दिवसात अशा दोनच वेळा आहेत, सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ, म्हणजे पाळी बदलण्याची वेळ. सकाळी आठला रातपाळीचं जागरण आडवं येतं. रात्री आठला काय होतं? रातपाळीच्या आठवड्यात तो तीनला उठून चारच्या सुमारास जेवतो आणि डबा दहाला उघडतो, म्हणजे आठला पोट रिकामं. दिवसपाळीत आठला सुटतो, साडेनऊला घरी जेवतो, तेव्हाही पोट रिकामं आणि पाठोपाठ जेवण. मळमळ झाली तरी सकाळच्या थकव्यात होणार नाही. जेवणाच्या या वेळा आम्ही अंदाजाने धरल्या आहेत. तू त्याला विचारून त्याच्या खऱ्या वेळा कागदावर मांड.

आता प्रश्न उरतो समोर कोण असणार हा, कारण रात्री आठला केंद्र बंद. गोळी नर्सने किंवा स्वयंसेविकेनेच द्यायची अशी सक्ती नाही. पेशंटला चालेल असा आणि केंद्राला जबाबदार राहील असा कुणीही ट्रीटमेंट सपोर्टर होऊ शकतो. घरचं माणूसही चालतं. तुझ्या पेशंटच्या बाबतीत रोज रात्री आठला त्याच फाटकावर हमखास हजर असणारा एक माणूस आहे, पाळी बदलणारा जोडीदार वॉचमन. कागदावर यापेक्षा सोयीचा सपोर्टर मिळणार नाही.

पण हे नाव तू सुचवायचं नाहीस. जोडीदाराला कळलं की एजन्सीला कळेल, मग सोसायटीला, मग नोकरी गेली, अशी भीती त्याच्या मनात असू शकते आणि ती खोटी असेलच असं नाही. "रात्री आठला तुमच्या ओळखीचं, विश्वासाचं कोण जवळ असतं?" असं विचार. त्याने जोडीदाराचं नाव घेतलं तर उत्तम. मग त्याची संमती घेऊन जोडीदाराला एकदा केंद्रात बोलावायचं. तो दचकला तर लगेच दुसरा रस्ता काढ: स्वयंसेविकेला आठ वाजता व्हिडिओ कॉल करून गोळ्या गिळताना दाखवणं, किंवा खोलीवरचा एखादा नातेवाईक. जोडीदाराला संसर्गाची धास्ती असेल तर त्याला खरं तेच सांग: लागू पडणाऱ्या गोळ्या नीट सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. तुझ्या पेशंटला सहा आठवडे होऊन गेलेत. पण याला एक अट आहे, गोळ्या चालू असण्याची.

सपोर्टर ठरला की त्याला चार गोष्टी दाखवून द्याव्या लागतात, आणि त्या नुसत्या सांगून भागत नाही. आठवड्याच्या २१ गोळ्या कोण ठेवणार ते ठरवायचं. केबिनमध्ये ठेवल्या तर पत्र्याला लागून किंवा उन्हात नकोत. तिन्ही गोळ्या एका ग्लासभर पाण्याबरोबर समोर गिळायच्या. गिळून झाल्यावरच खूण करायची, आगाऊ नाही आणि नंतर आठवून तर नाहीच. तुझ्या कार्डातला रविवार विसरू नकोस. आठला राहिली तर त्याच रात्री आठवेल तेव्हा घ्यायची. पण आख्खा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी सहा गोळ्या घ्यायच्या नाहीत. चुकलेला डोस शेवटी जोडला जातो. दुप्पट घेतल्याने तो भरून निघत नाही, यकृतावर मात्र भार पडतो.

इथे जरा वेगळं. समोर बसून गोळी गिळवणं म्हणजेच समुपदेशन असं बरेच जण धरून चालतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५च्या कोक्रेन आढाव्यात देखरेखीखाली गोळ्या देणं आणि पेशंटने स्वतः घरी घेणं यांची तुलना आहे. बरे होण्याच्या प्रमाणात नुसत्या देखरेखीने ठळक फायदा झालेला त्यात दिसला नाही. आमच्या मते हे पटण्यासारखं आहे. देखरेख करणारा फार तर चौकट रिकामी राहिली हे सांगतो. ती का रिकामी राहिली हे विचारणारं माणूस वेगळं लागतं, आणि ते काम आता तुझ्याकडे आलं आहे.

मग आजाराबद्दल काहीच सांगायचं नाही का? सांगायचं, पण शेवटी आणि एका मिनिटात. फ्लिपचार्टची बारा पानं नकोत. रातपाळीची अडचण सुटली तरी एक धोका उरतो. दीड महिन्यात ताप गेला, खोकला गेला, वजन वाढायला लागलं, आता त्याला आपण बरे झालो असं वाटतंय. गावाकडच्या माणसाला हरळीचं उदाहरण चटकन कळतं. वरची हरळी उपटली की शेत साफ दिसतं, पण खालची मुळी तशीच असते आणि पाऊस पडला की पुन्हा वर येते. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून बरं वाटतं. झोपून राहिलेले, हळू वाढणारे जंतू मागे उरतात आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने गोळ्या असतात. मधूनमधून गोळ्या सोडल्या तर उरलेल्यांतले औषधाला दाद न देणारे वाढायला वाव मिळतो, आणि मग उपचार लांबतो, औषधंही बदलावी लागतात. एवढं पुरे. "मरू शकता" असं धमकावणारं बोलणं टाळ. घाबरलेला माणूस गोळी चुकवल्यावर ते लपवायला शिकतो.

पैशाची धमकीही नको. निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, पूर्वी ५०० होते. ते खाण्यापिण्यासाठी आहेत. "गोळ्या चुकवल्या तर पैसे बंद" हे वाक्य काही ठिकाणी सर्रास बोललं जातं, तू बोलू नकोस. उलट पैसे खात्यात आलेत का ते विचार. गावच्या बँकेतलं खातं बंद पडलेलं असणं किंवा आधार जोडलेलं नसणं हे मुंबईतल्या कामगारांच्या बाबतीत नेहमीचं. ते टीबी हेल्थ व्हिजिटरला दाखवून दुरुस्त करून दे. त्या एका कामाने तुझ्यावर जेवढा विश्वास बसेल तेवढा दहा फ्लिपचार्टांनी बसणार नाही.

बोलणं संपवताना "समजलं ना?" असं विचारलं की मान हलते, हे तू पाहिलंच आहेस. त्याऐवजी म्हण: "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. जोडीदाराने विचारलं की उद्या काय करायचं, तर काय सांगाल?" मग तीन प्रसंग दे. रात्री आठला गोळी राहिली आणि दहाला आठवली. गोळीनंतर उलटी झाली. रविवारी पाळी नाही, घरी आहात. तिन्हींची उत्तरं त्याच्याच शब्दांत आली तर काम झालं. एखादं चुकलं तर तेवढंच पुन्हा सांग, सगळं नाही.

गावचा मुद्दा याच बैठकीत उरकून घे. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत धावपळच असते. ६४वा दिवस सोमवार येतो, केंद्र उघडं आहे. टप्पा संपताना बेडक्याची तपासणी करायची असते, तो नमुना त्याने निघण्याआधी दिलेला असला पाहिजे. वजनही तेव्हाच. ४६ किलोला ३ गोळ्या बसतात, कारण तो ३५ ते ४९ किलोच्या गटात आहे. वजन ५० किंवा त्याच्या वर गेलं असेल तर मात्रा बदलायची का ते मेडिकल ऑफिसर सांगतील. पुढच्या टप्प्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्यात पायराझिनामाइड नसतं. पट्ट्या दिसायला सारख्या वाटल्या तरी जुन्या आणि नव्या मिसळू द्यायच्या नाहीत. दहा दिवसांच्या ३० गोळ्या लागतील आणि एका पट्टीत २८ आहेत. इथेच गडबड होते. एक पट्टी हातात देतात, नऊ दिवसांनी त्यात एकच गोळी उरते. गणपतीत परतीची गाडी मिळेलच याचाही भरवसा नसतो. दोन पूर्ण पट्ट्या देता येतील का ते विचार, म्हणजे ५६ गोळ्या, आणि वेळेवर परतल्यावर २६ उरल्या आहेत का ते मोजता येईल. त्याला निक्षय आयडी कागदावर लिहून दे. मुक्काम लांबला तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो दाखवून त्याला औषध चालू ठेवता येतं. गावचा चालणारा फोन नंबर घेऊन ठेव, कारण मुंबईचं सिम तिथे लागेलच असं नाही. आणि मधल्या बावीस दिवसांत एक जरी डोस चुकला तर पहिल्या टप्प्याचा शेवट गावी येईल, दोन प्रकारच्या पट्ट्या बरोबर द्याव्या लागतील. हे त्यालाही आजच सांग.

आता लिहिण्याबद्दल. "ज्ञानाचा अभाव" काढून टाक. उपचार नियोजनातली अडचण असं निदान लिही आणि त्याला कारण व पुरावा जोड. उद्दिष्ट मोजता येईल असं हवं. "रुग्णाचं ज्ञान वाढेल" याला ट्यूटर गुण कशाच्या आधारावर देणार? नोंद साधारण अशी येईल. पट्ट्या मोजल्यावर ६६ गोळ्या निघाल्या असं इथे धरलं आहे, तुझा आकडा तू घाल:

"उपचाराचा ४३वा दिवस. अपेक्षित डोस ४२. कार्डानुसार घेतलेले ३५. उरलेल्या गोळ्या ६६, त्यावरून घेतलेले ३४, म्हणजे ८१ टक्के. चुकलेले सर्व डोस रातपाळीच्या आठवड्यांतले. रुग्णाच्या शब्दांत: पाळी ८ ला सुटते, केंद्र ९ ला उघडतं, मी घरी जाऊन झोपतो. रातपाळीनंतर गोळीने मळमळ, एकदा उलटी. डोळे पिवळे नाहीत, दृष्टीत बदल नाही. मेडिकल ऑफिसरांना कळवलं. रुग्णाशी ठरलेलं: डोसची वेळ रोज रात्री ८, सपोर्टर रुग्णाच्या संमतीने सहकारी, रविवारी स्वयंसेविकेला व्हिडिओ कॉल. तिन्ही प्रसंग रुग्णाने स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितले. उद्दिष्ट: ४३ ते ६४ या दिवसांत २२ पैकी २२ डोस, ६४व्या दिवशी बेडका नमुना व वजन."

डोसची वेळ सकाळवरून रात्री नेणं आणि नवा सपोर्टर नेमणं हे मेडिकल ऑफिसर किंवा टीबी हेल्थ व्हिजिटरच्या होकारानेच होतं. तो होकार नोंदीत तारखेसह लिही, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

चालू दिवसपाळीच्या आठवड्यात सगळं सुरळीत जाईल. ते बघून मूल्यमापन लिहून मोकळी होऊ नकोस, या आठवड्यात तो आधीही चुकत नव्हता. खरी तपासणी ५० ते ५६ या दिवसांत, पुढच्या रातपाळीत आहे. चौथ्या आठवड्यात पहिली चौकट मंगळवारी रिकामी राहिली होती, सहाव्यात सोमवारी. म्हणून त्या सोमवारी आणि मंगळवारी रात्री सव्वाआठला स्वयंसेविकेने फोन करायचा हे आधीच ठरवून ठेव. फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी तिने फाटकावर जायचं, आणि जाताना अंगावर केंद्राचं ओळखपत्र किंवा हातात टीबीचं कार्ड दिसू द्यायचं नाही. त्या आठवड्यातही डोस चुकले तर मूल्यमापनात तसंच लिही आणि आठ वाजताच्या योजनेत काय अडलं ते पुन्हा त्यालाच विचार. कदाचित जोडीदाराची पाळी बदलली असेल.